फाळणीच्या विस्थापनावर प्रश्न आला तर उत्तर कसं बांधावं

‘फाळणीत किती लोक बेघर झाले? किती मेले? सुरुवात कुणी केली?’ इतिहासाच्या तासाला, व्याख्यानानंतर, स्पर्धा परीक्षेच्या वर्गात आणि घरच्या जेवणाच्या पंगतीतही हे प्रश्न याच क्रमाने येतात. तिन्ही प्रश्न एका ओळीत विचारता येतात, पण उत्तर एका ओळीत दिलं की ते बहुतेक वेळा चुकतं. कारण विचारणाऱ्याच्या मनात पंजाब असतो, सांगणाऱ्याच्या हाती सगळ्या उपखंडाचा आकडा असतो आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाचं तरी घर उल्हासनगरच्या कॅम्पात असतं. 1947च्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या फाळणीबद्दल असे प्रश्न आले, तर उत्तर कोणत्या क्रमाने बांधावं ते इथे दिलं आहे.

आधी विचारा: कोणती सरहद्द, कोणती वर्षं?

फाळणीने माणसं हलली, पण ती एकाच लाटेत आणि एकाच वाटेने हलली नाहीत. म्हणून प्रश्न ऐकल्यावर पहिली गोष्ट करायची ती ही की तो प्रश्न पंजाबचा आहे, बंगालचा की सिंधचा, हे ठरवून घ्यायचं.

पंजाबात प्रांताचे दोन तुकडे झाले. नवी सरहद्द आखणारा रॅडक्लिफचा निवाडा 17 ऑगस्ट 1947 रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाला. त्यानंतरच्या साधारण तीन-चार महिन्यांत पश्चिम पंजाबातले जवळपास सगळे हिंदू आणि शीख पूर्वेला आले आणि पूर्व पंजाबातले बहुतेक मुस्लिम पश्चिमेला गेले. पायी चालणारे काफिले, माणसांनी खचाखच भरलेल्या आगगाड्या आणि सप्टेंबर 1947मध्ये उभी राहिलेली लष्करी स्थलांतर यंत्रणा हे सगळं चित्र पंजाबचं आहे.

बंगालचेही दोन तुकडे झाले, पण तिथे एकदम अदलाबदल झाली नाही. 1947मध्ये काही लोक आले. फेब्रुवारी 1950मध्ये पूर्व बंगालात आणि मग पश्चिम बंगालातही हिंसा उसळली, तेव्हा लाखो माणसं दोन्ही दिशांना हलली. दोन्ही देशांनी आपापल्या अल्पसंख्याकांना संरक्षण देण्याचा नेहरू-लियाकत करार 8 एप्रिल 1950 रोजी झाला आणि काही जण परतही गेले. ऑक्टोबर 1952मध्ये पारपत्राची सक्ती येणार म्हटल्यावर पुन्हा गर्दी झाली, 1964मध्ये पुन्हा. बंगालच्या विस्थापनाला एक तारीख देता येत नाही. कुणी ती मागितली तर देऊ नये, लाटा सांगाव्यात.

सिंधचे तुकडे झालेच नाहीत. तो अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. महाराष्ट्रात हा प्रश्न बहुधा सिंधच्या बाजूने येतो, म्हणून सिंधचं उदाहरण पुढे सविस्तर घेतलं आहे.

उत्तरं बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण इथेच असतं. पंजाबचं चित्र घेऊन ते सगळीकडे लावलं जातं. ‘सिंध्यांच्या गाड्या प्रेतांनी भरून आल्या’ असं वाक्य कानावर आलं की समजावं, दोन प्रांतांची सरमिसळ झाली आहे.

मग ‘विस्थापित’ म्हणजे कोण, ते सांगा

आकडा सांगण्याआधी तो कुणाचा आहे, हे सांगावं लागतं. भारताच्या 1951च्या जनगणनेने विस्थापित व्यक्तीची व्याख्या केली होती. दंगलींमुळे, दंगलींच्या भीतीमुळे किंवा दोन देश झाल्यामुळे घर सोडून भारतात आलेला माणूस, अशी ती व्याख्या. त्यात तारखाही होत्या. पश्चिम पाकिस्तानातून 1 मार्च 1947 किंवा त्यानंतर निघालेला आणि पूर्व पाकिस्तानातून 15 ऑक्टोबर 1946 किंवा त्यानंतर निघालेला माणूसच त्यात धरला गेला. या तारखा उगाच पडलेल्या नाहीत. मार्च 1947मध्ये रावळपिंडी आणि आसपासच्या भागात हिंसा झाली होती, ऑक्टोबर 1946मध्ये पूर्व बंगालातल्या नोआखालीत. म्हणजे सरकारी मोजणीनेच मान्य केलं होतं की माणसं 15 ऑगस्टच्या आधीपासून घराबाहेर पडू लागली होती.

‘दंगलींच्या भीतीमुळे’ हे शब्दही सोडू नयेत. घरावर हल्ला झाला नाही, पण शेजारच्या मोहल्ल्यात झाला म्हणून निघालेला माणूस या व्याख्येत विस्थापितच होता. ‘त्यांना कुणी हाकललं नव्हतं, ते स्वतःहून आले’ असं कुणी म्हटलं, तर वाद न घालता ही व्याख्या वाचून दाखवावी.

शब्दांचाही विचार करावा लागतो. मराठीत ‘निर्वासित’ रुळला आहे आणि त्या काळच्या छावण्यांबद्दल, खात्यांबद्दल बोलताना तो वापरायला हरकत नाही. पण आजच्या एखाद्या कुटुंबाबद्दल तो वापरू नये. उल्हासनगरात तिसरी-चौथी पिढी जन्मली आहे आणि ‘निर्वासित’ हा शब्द तिथे टोमण्यासारखाही ऐकावा लागला आहे. अशा वेळी ‘विस्थापित कुटुंबं’ म्हणावं. पाकिस्तानात गेलेल्यांसाठी तिथला शब्द ‘मुहाजिर’, बंगालीत ‘उद्वास्तु’. आणि आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या निर्वासिताशी या लोकांची गल्लत करू नये. आलेल्यांना परके ठरवलं गेलं नाही. संविधानाच्या अनुच्छेद 6 प्रमाणे, ज्याचा स्वतःचा किंवा आईवडील, आजीआजोबांपैकी कुणाचा जन्म अखंड हिंदुस्थानात झाला होता आणि जो 19 जुलै 1948च्या आधी येऊन इथे राहत होता, तो भारताचा नागरिक मानला गेला. त्या तारखेनंतर आलेल्याला नोंदणी करावी लागली. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत तेव्हाच सुरू झाली होती, त्यामुळे ही तारीख.

याच ठिकाणी अनुच्छेद 7 सांगितला नाही तर उत्तर लंगडं राहतं. 1 मार्च 1947नंतर पाकिस्तानात गेलेला माणूस भारताचा नागरिक मानला गेला नाही. अपवाद फक्त कायमच्या वास्तव्याचा परवाना घेऊन परत आलेल्यांचा. दिल्लीतून किंवा संयुक्त प्रांतातून घाबरून गेलेली आणि काही महिन्यांनी परत येऊ पाहणारी बरीच मुस्लिम कुटुंबं या नियमात अडकली. भारतात येणारं विस्थापन शिकवताना अनुच्छेद 6 सांगितला जातो आणि 7 राहून जातो, असं वारंवार दिसतं.

आकडा सांगताना त्याचा पत्ताही सांगा

विस्थापितांच्या संख्येचे 1 कोटी, 1 कोटी 20 लाख, 1 कोटी 45 लाख, 1 कोटी 80 लाख असे आकडे छापलेले सापडतात. हे सगळे खोटे नाहीत, पण एकाच गोष्टीचे नाहीत. 

मोजलेला आकडा हवा असेल तर 1951च्या दोन जनगणना घ्याव्यात. भारतात सुमारे 73 लाख विस्थापित नोंदले गेले. त्यातले सुमारे 47 लाख पश्चिम पाकिस्तानातून आणि 25 लाखांहून थोडे अधिक पूर्व पाकिस्तानातून आले होते. पाकिस्तानात सुमारे 72 लाख मुहाजिर नोंदले गेले. त्यातले सुमारे 65 लाख पश्चिम भागात आणि 7 लाख पूर्व भागात होते. दोन्ही मिळून 1 कोटी 45 लाख होतात. हा आकडा सांगताना ‘1951पर्यंत पोहोचलेले आणि मोजले गेलेले’ एवढे शब्द जोडावेत.

हे शब्द जोडले की आकड्यात काय नाही, तेही आपोआप सांगता येतं. वाटेत मेलेले त्यात नाहीत. 1951नंतर बंगालातून आलेले नाहीत. सरहद्द न ओलांडता बेघर झालेलेही नाहीत. 1947च्या सप्टेंबरात दिल्लीतले हजारो मुस्लिम पुराना किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्यात आसऱ्याला होते. त्यातले जे पाकिस्तानात न जाता शहरातच राहिले, पण ज्यांचा मोहल्ला कायमचा सुटला, ते कुठल्याच जनगणनेत विस्थापित म्हणून आले नाहीत.

मृतांच्या आकड्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तो कुणी मोजलेलाच नाही. अंदाज 2 लाखांपासून 20 लाखांपर्यंत जातात. अभ्यासकांच्या लेखनात 5 ते 10 लाख हा पल्ला जास्त दिसतो. तेव्हा उत्तरात पल्लाच सांगावा. एकच आकडा सांगितला, तर तो कसा काढला हे आपल्याला सांगता यायला हवं. कमी अंदाज बरेचदा पंजाबपुरते असतात किंवा अधिकाऱ्यांच्या अहवालांवर उभे असतात. मोठ्या अंदाजांत रोगराई, भूक आणि वाटेतले पूर यांनी गेलेलेही धरलेले असू शकतात.

इथे एक सापळा आहे. जुन्या जनगणनांवरून अपेक्षित लोकसंख्या काढून, किती लोक निघाले असावेत आणि किती पोहोचले, यांची वजाबाकी एका अभ्यासात केली आहे. त्यात सुमारे 1 कोटी 79 लाख निघाले आणि 1 कोटी 45 लाख पोहोचले, असा हिशेब निघतो. राहिले 34 लाख. हे 34 लाख ‘मारले गेले’ असं लिहिलेलं पाहिलं की थांबावं. ते ‘हिशेबात न सापडलेले’ आहेत. त्यात मृत आहेत, तिसरीकडे गेलेले आहेत, ओळख बदलून राहिलेले आहेत आणि जनगणनेच्या चुकाही आहेत. 1941च्या जनगणनेत पंजाब आणि बंगालमध्ये आकडे फुगवल्याचे आक्षेप तेव्हाच घेतले गेले होते. म्हणून तिच्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही वजाबाकीला तेवढीच किंमत द्यावी.

समतोल म्हणजे अर्धा-अर्धा वाटा नव्हे

‘दोन्हीकडून सारखंच झालं’ हे वाक्य समतोल वाटतं, पण त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक घटनेला ठिकाण, महिना आणि बळी कोण, या तीन गोष्टी लावल्या की समतोल येतो. मार्च 1947मध्ये रावळपिंडी भागातले बळी मुख्यतः शीख आणि हिंदू होते. ऑगस्ट-सप्टेंबरात पूर्व पंजाबात मुख्यतः मुस्लिम बळी पडले, त्याच आठवड्यांत पश्चिम पंजाबात हिंदू आणि शीख. ऑक्टोबर-नोव्हेंबर 1947मध्ये जम्मू प्रांतात मुस्लिम मारले गेले. ही तीन वाक्यं एकापाठोपाठ म्हटली की कुणावर अन्याय होत नाही, आणि कुणाला सूटही मिळत नाही.

‘सुरुवात कुणी केली?’ याला असंच उत्तर द्यावं. ऑगस्ट 1946मध्ये कोलकात्यात दोन्ही समाजांची माणसं मेली. ऑक्टोबरात नोआखालीत हिंदूंवर हल्ले झाले. त्यानंतर बिहारात मुस्लिमांची कत्तल झाली. मार्च 1947मध्ये रावळपिंडी. या साखळीतली जी कडी आपण पहिली म्हणून उचलतो, तिच्यावर दोष कुणाचा ते ठरतं. विचारणाऱ्याला अख्खी साखळी द्यावी आणि आपण कुठून सुरू करतो आहोत ते उघड सांगावं.

पळवून नेलेल्या स्त्रियांचा विषय आला तर जास्त सांभाळावं. सरकारी अंदाज असे होते की सुमारे 50,000 मुस्लिम स्त्रिया भारतात आणि 33,000 हिंदू-शीख स्त्रिया पाकिस्तानात होत्या. डिसेंबर 1947च्या दोन देशांमधल्या करारानंतर शोधमोहीम सुरू झाली. भारतात 1949 साली कायदा झाला. पुढच्या काही वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे 30,000 स्त्रिया शोधून पलीकडे पाठवल्या गेल्या. इथे ‘सोडवल्या’ हा शब्द सरसकट वापरू नये. त्या कायद्यात स्त्रीची इच्छा निर्णायक नव्हती. काही जणींना खरोखर सुटका मिळाली, काही जणी नव्या घरातून आणि मुलांपासून दुसऱ्यांदा उचलल्या गेल्या. दोन्ही गोष्टी एका दमात सांगाव्यात. आणि ऐकणाऱ्यांत कुणाच्या तरी आजीची ही गोष्ट असू शकते, तेव्हा तपशील मागितल्याशिवाय देऊ नयेत.

एक प्रश्न पूर्ण सोडवून पाहू

प्रश्न असा: ‘सिंधी हिंदूंना कत्तल करून हाकलून दिलं. मग पंजाबसारखी सिंधचीही फाळणी करून त्यांना अर्धा सिंध का दिला नाही?’

यात दोन दावे आणि एक प्रश्न आहे. ते सुटे करावेत. पहिला दावा कत्तलीचा, दुसरा ‘अर्ध्या सिंध’च्या हक्काचा आणि प्रश्न फाळणी न होण्याच्या कारणाचा.

प्रश्नापासून सुरू करणं सोपं जातं. 3 जून 1947च्या फाळणीच्या योजनेत पंजाब आणि बंगालच्या विधानसभांनी फाळणीवर मत द्यायचं होतं, कारण तिथे मुस्लिमबहुल आणि बिगरमुस्लिमबहुल जिल्हे शेजारी-शेजारी, सलग पट्ट्यांत होते. सिंधमध्ये 1941च्या जनगणनेप्रमाणे साधारण 71 टक्के मुस्लिम आणि 27 टक्के हिंदू होते. हिंदूंची दाट वस्ती कराची, हैदराबाद, सक्कर, शिकारपूर अशा शहरांत होती. कराची शहरात हिंदूंची संख्या मुस्लिमांपेक्षा जास्त होती. पण शहरांना जोडून जिल्ह्यांचा सलग पट्टा होत नव्हता. पूर्वेकडच्या थरपारकरबद्दल तेवढा वाद उभा राहू शकतो, कारण तिथे हिंदूंचं प्रमाण मोठं होतं. पण योजनेत सिंधच्या फाळणीची तरतूदच नव्हती. सिंध विधानसभेने 26 जून 1947 रोजी पाकिस्तानच्या बाजूने कौल दिला. म्हणजे ‘का दिला नाही’ याचं उत्तर वस्तीच्या रचनेत आणि योजनेच्या नियमात आहे. उत्तरात एवढंच मांडावं. कुणाच्या मनात काय होतं, याचे तर्क करू नयेत.

आता कत्तलीचा दावा. ऑगस्ट ते नोव्हेंबर 1947मध्ये पंजाब पेटलेला असताना सिंध तुलनेने शांत होता आणि तिथल्या हिंदूंपैकी बरेच जण थांबून पाहत होते. मग भारतातून मुहाजिर येऊ लागले. कराची राजधानी झालेली, घरं कमी, हिंदूंच्या घरांवर आणि दुकानांवर ताबे बसू लागले. डिसेंबरात सिंधमधल्या हैदराबादेत हिंसा झाली. 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत, उत्तर सिंधमधून येऊन गुरुद्वारात आसऱ्याला थांबलेल्या शिखांवर हल्ला झाला आणि पाठोपाठ शहरभर हिंदूंची घरं लुटली गेली. त्या दिवसानंतर थांबून पाहणाऱ्यांचा धीर सुटला. पुढचे काही महिने कराचीच्या बंदरातून मुंबई आणि काठेवाडच्या दिशेने बोटी भरभरून आल्या, राजस्थानच्या बाजूने गाड्याही. मृतांची संख्या पंजाबच्या तुलनेत फार कमी होती. पण घर, दुकान, जमीन आणि गाव हे सगळंच सुटलं.

म्हणून उत्तरात ‘कत्तल झाली नाही, म्हणजे ते राजीखुशीने आले’ असंही म्हणू नये आणि ‘पंजाबसारखी कत्तल झाली’ असंही नाही. तयार उत्तर साधारण असं होईल:

‘सिंधच्या हिंदूंचं विस्थापन मुख्यतः भीती, लूट आणि घरांवरच्या ताब्यांमुळे झालं, आणि 6 जानेवारी 1948च्या कराचीच्या हिंसेनंतर ते वेगाने वाढलं. पंजाबएवढी जीवितहानी तिथे झाली नाही. फाळणी झाली नाही, कारण हिंदू वस्ती बहुतांश शहरांत विखुरलेली होती आणि 3 जूनच्या योजनेत सिंधच्या विभाजनाची तरतूद नव्हती. सगळे हिंदू आले नाहीत. थरपारकर, उमरकोट भागात मोठा हिंदू समाज आजही आहे.’

शेवटचं वाक्य बहुतेक उत्तरांत गळतं. ते गाळलं की सिंध हिंदूंविना झाला असा समज पक्का होतो. तिथे राहिलेल्यांत दलित आणि शेतमजूर जाती पुष्कळ आहेत. निघायला पैसा, जहाजाचं तिकीट आणि पलीकडे ओळख लागत होती. कोण येऊ शकलं आणि कोण नाही, यात जात आणि ऐपत दोन्हींचा हात होता.

महाराष्ट्राशी असलेला धागाही इथे जोडता येतो. सिंध 1 एप्रिल 1936पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. वकील, व्यापारी, विद्यार्थी यांचं मुंबईला जाणं-येणं आधीपासून होतं, म्हणून बोटी मुंबईला लागल्या हा निव्वळ योगायोग नव्हता. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी बराकींत हजारो कुटुंबांना ठेवलं गेलं. त्या वसाहतीला 8 ऑगस्ट 1949 रोजी उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असंच म्हणतात.

घरची आठवण आणि कागद जुळत नाहीत तेव्हा

‘आमचे आजोबा म्हणायचे, 15 ऑगस्टलाच सगळे निघाले’ असं कुणी सांगितलं आणि तारीख जुळत नसली, तर ‘चूक’ म्हणून मोकळं होऊ नये. कोणतं गाव, कोणत्या मार्गाने आले, कोणत्या छावणीत उतरले, हे विचारावं. बोटीने आले असतील तर ते बहुधा सिंधचे आणि 1947च्या हिवाळ्यातले किंवा नंतरचे. रेल्वेने अमृतसरला उतरले असतील तर पंजाबचे. बरेचदा आजोबांचं गाव खरं असतं, घटना खरी असते आणि तारीख नंतर ऐकलेल्या इतिहासातून चिकटलेली असते. आठवण काय वाटलं ते सांगते, कागद कधी झालं ते सांगतो. उत्तरात दोन्ही लिहावं, पण कोणतं कुठून आलं ते वेगळं ठेवावं.

मालमत्तेबद्दल विचारलं तर पुन्हा सरहद्द आधी विचारावी. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांना नुकसानभरपाई देणारा कायदा 1954 साली झाला आणि तिकडे गेलेल्या मुस्लिमांच्या सुटलेल्या मालमत्तेचा त्यासाठी उपयोग झाला. पूर्व बंगालातून आलेल्यांना तो लागू नव्हता. 1950च्या करारात त्यांची मालमत्ता पलीकडे त्यांच्याच नावे राहील आणि ते परत जाऊ शकतील असं धरलं होतं. त्यामुळे त्यांच्या वाट्याला भरपाईऐवजी कर्जं, छावण्या आणि दूरच्या वसाहती आल्या. गडचिरोलीतल्या मुलचेरा, चामोर्शी भागात 1960च्या दशकात वसवलेली बंगाली गावं त्यातलीच आहेत. तिथल्या कुणी ‘आम्हाला सिंध्यांसारखी भरपाई का नाही मिळाली?’ असं विचारलं, तर कायद्यातला हा फरक नीट समजावून सांगावा, आणि त्यांची तक्रार रास्त आहे हेही स्पष्ट म्हणावं.